समाजमंदिरात म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवायला काय निवडावं?

सुरंगी

मालवण तालुक्यात, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला दर्या अशा चिंचोळ्या पट्टीवर आमचं गाव आहे. दिवाळी झाल्यापासून दर बुधवारी चार वाजता मी समाजमंदिरात वाडीतल्या वयस्कर माणसांना वाचून दाखवते. वीस-बावीस जण येतात. सगळ्यात लहान 67 वर्षांचे, सगळ्यात मोठ्या आजी 91 च्या. बायका जास्त. आयुष्यभर रापण ओढलेले आहेत, मुंबईला गिरणीत काम करून परतलेले आहेत, दोन निवृत्त मास्तर आहेत, तीन ख्रिस्ती बायका आहेत आणि बोटीवर नोकरी केलेले एक मुसलमान चाचा आहेत. कुणी चौथीपर्यंत शिकलेलं, कुणी अजिबात नाही. ज्यांना वाचता येतं त्यांचे डोळे आता साथ देत नाहीत.

मी कोकणातलीच एक नावाजलेली कादंबरी घेतली होती. वाटलं, आपल्या मातीतलं आहे, आवडेल. पहिल्या बुधवारी सगळे कान देऊन ऐकत होते. दुसऱ्या बुधवारी आलेल्यांतले सहा जण पहिल्या वेळी नव्हतेच, त्यामुळे मागचं सांगण्यात दहा मिनिटं गेली. चौथ्या बुधवारी नऊ जण आले आणि त्यातले तिघे पेंगत होते. 91 वर्षांच्या आजींनी मध्येच विचारलं, "गो, ह्यो मेलो तो खयचो?" मेला होता तो तिसऱ्या प्रकरणातला, आम्ही पाचव्यात होतो.

कादंबरी चांगली आहे, माणसंही ऐकायला उत्सुक आहेत. मग निवडताना माझं चुकलं कुठे? काय बघून निवडायचं, ते सांगा.

दर्यावर्दी

ताई, त्यांना ऐकू येत नसणार. माईक लावा आणि मोठ्याने वाचा, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. आणि कादंबरी सोडा, विनोदी काहीतरी घ्या. या वयात माणसांना हसायला हवं असतं. आमच्या गावच्या मंडळात मी तेच करतो.

निशिगंधा

माझ्या आईचंही असंच झालं होतं. मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळतात, ती घ्या. शिवाय टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि मागचा उजेडही वाढवता येतो. आई आता पुन्हा रोज वाचते.

सुरंगी

निशिगंधा, आईंचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे मात्र ते वाचत नाहीत, मी वाचते आणि ते ऐकतात. मला विचारायचं आहे ते कानासाठी काय निवडावं याबद्दल.

दर्यावर्दी, माईक एकदा लावून बघितला होता. वर पत्रे आहेत, आवाज घुमतो. मागे बसलेले तात्या म्हणाले, "आवाज येता, पण काय बोलतस ता समाजणा नाय."

जुनं कपाट

मी एका गावच्या वाचनालयात 31 वर्षं काम केलं आणि शेवटची बारा वर्षं दर शनिवारी वाचून दाखवलं. तात्यांचं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर कुणीतरी जाणकार बोलेलच. मी पुस्तकाबद्दल बोलतो.

आधी हिशेब करा. म्हाताऱ्या माणसांसाठी वाचायच्या संथ चालीत साधारण छापील पानाला मला तीन मिनिटं लागतात, तुम्हालाही तेवढीच लागतील. कादंबरी 240 पानांची धरली तर 720 मिनिटं झाली. एका बैठकीत वीस मिनिटं सलग वाचन होतं. पुढची वीस मिनिटं गप्पांची असतात, आणि ती असायलाच हवीत. म्हणजे एक कादंबरी 36 बुधवार चालेल. त्या 36 बुधवारांत कुणाची तारीख दवाखान्यात असेल, कुणाची लेक माहेरी आलेली असेल, पावसात चार बुधवार कुणीच येणार नाही. एकही माणूस ती कादंबरी सलग ऐकणार नाही. तुमची निवड फसली ती इथे. पुस्तकात खोट नाही, त्याची लांबी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बैठकीला झेपणारी नाही.

म्हणून पहिली अट: जे वाचायचं ते सहा-सात पानांत सुरू होऊन संपलं पाहिजे. मागच्या वेळी न आलेला माणूस त्यात परका वाटता कामा नये.

दुसरी गोष्ट नावांची आणि काळाची. डोळ्यांनी वाचणारा गोंधळला तर पान मागे उलटतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. एका बैठकीत तीन-चारपेक्षा जास्त माणसं नकोत. गोष्ट आजपासून सुरू होऊन वीस वर्षं मागे आणि पुन्हा आज अशी उड्या मारत असेल तर ती सोडून द्या, कितीही सुंदर असली तरी. दिवाळी अंकातल्या चांगल्या कथा इथेच पडतात. त्या एकट्याने बसून वाचायला लिहिलेल्या असतात.

माझी एक रीत सांगतो. निवडलेलं पहिलं पान घरात कुणाला तरी वाचून दाखवायचो, पण ते माणूस काहीतरी काम करत असताना. बायको तांदूळ निवडत असायची. पान संपलं की विचारायचो, यात कोण कोण आलं आणि ते कुठे आहेत? तिला सांगता आलं तर गोष्ट घ्यायची. तिने "थांबा, तो भाऊ कुणाचा?" असं विचारलं तर पुस्तक परत कपाटात.

कर्णफूल

श्रवणयंत्रं बसवण्याच्या कामात मी आहे, म्हणून तात्यांच्या वाक्याबद्दल लिहिते. वयानुसार कान जातात तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजनं त्यात येतात. आ, ओ, ऊ हे स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. म्हणून माणसाला आवाज येतो, पण शब्द लागत नाही. मोठ्याने ओरडलं की स्वर आणखी वाढतात, व्यंजनं तिथेच राहतात आणि घुमणाऱ्या हॉलमध्ये सगळा चिखल होतो. दर्यावर्दी म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, कारण ऐकू येण्याचा प्रश्न खराच आहे. पण उपाय आहे आवाज जरा खालच्या पट्टीत ठेवण्याचा, शब्दांमध्ये जागा सोडण्याचा आणि पंखा बंद करण्याचा.

याचा निवडीशी थेट संबंध आहे. ज्या गोष्टीत सखू, शकू आणि सुशी अशा तीन बहिणी आहेत, ती तुमच्या अर्ध्या श्रोत्यांसाठी एकाच बाईची गोष्ट आहे. नावं वेगळ्या घडणीची असलेली गोष्ट निवडा. संवादांत "असं गोविंदा म्हणाला" हे प्रत्येक वेळी लिहिलेलं नसेल तर वाचताना तुम्ही ते घाला.

आणि एक विचारते. तुम्ही बसता कुठे? तुमच्या पाठीशी काय असतं?

सुरंगी

पाठीशी दर्याकडचं दार. वारा येतो म्हणून उघडंच असतं.

कर्णफूल

म्हणजे चार वाजता पश्चिमेचं ऊन तुमच्या मागून येतं आणि त्यांना तुमचा चेहरा काळा दिसतो. ज्यांना शब्द लागत नाहीत ती माणसं ओठ बघून भरून काढतात, बहुतेकदा त्यांच्या स्वतःच्याही लक्षात न येता. दाराकडे तोंड करून बसा. हे आधी करा, मगच एखादी गोष्ट आवडली नाही असं ठरवा.

वामनकाका

एवढा खटाटोप कशाला? आमच्या देवळात श्रावणात पोथी लावतात. महिनाभर रोज वाचतात, नव्वदीची माणसं मान हलवत ऐकतात, कुणी पेंगत नाही. म्हाताऱ्यांना देवाधर्माचंच आवडतं. हरिविजय घ्या, दुसरं काही शोधू नका.

सुरंगी

काका, आमच्याकडे तीन ख्रिस्ती बायका आणि चाचा आहेत. ते समाजमंदिरात येतात कारण ते सगळ्यांचं आहे. पोथी लावली तर ते तोंडाने काही बोलणार नाहीत, पण पुढच्या बुधवारी येणारही नाहीत.

जुनं कपाट

वामनकाकांचं म्हणणं सोडून देऊ नका, त्यातून शिकण्यासारखं आहे. पोथी का चालते ते बघा. ऐकणाऱ्यांना गोष्ट आधीच ठाऊक असते. कृष्ण गोकुळात कसा गेला हे कुणालाही नव्याने कळायचं नसतं. त्यामुळे मध्ये डुलकी लागली, खोकला आला, शेजारीण काही बोलली तरी धागा तुटत नाही. ओवीला ठरलेली चाल आणि यमक असतं, तिथे कानाला विसावा मिळतो. शिवाय वाचणारा थांबून अर्थ सांगतो. म्हणजे देवाधर्मापलीकडेही तीन गुण आहेत: ओळखीची गोष्ट, ठरावीक विसावे आणि थांबायची मुभा. हे तिन्ही गुण गद्यातही शोधता येतात.

मी दोन पुस्तकं सुचवतो. साने गुरुजींची 'श्यामची आई'. ती त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पालगड आपल्याच कोकणातलं, दापोलीकडचं. त्यातली प्रकरणं म्हणजे 42 रात्री. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो, म्हणजे मुळातच ते सांगणं आणि ऐकणं आहे. जवळजवळ प्रत्येक रात्र सुटी वाचता येते. दुसरं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्यातलं वाक्य बोलल्यासारखं येतं, तुमच्या ख्रिस्ती बायकांनाही त्यात आपलं काही सापडेल, आणि प्रसंग वेगळे काढता येतात. मात्र तिथे आधी चार वाक्यांत कोण कोणाचं ते सांगावं लागतं.

सुरंगी

दोन बुधवार झाले. जसं घडलं तसं लिहिते.

पहिल्या बुधवारी दाराकडे तोंड करून बसले, पंखा बंद केला, दार अर्धं लोटलं. वाचायला 'श्यामची आई'मधली 'अळणी भाजी' घेतली. भाजीत मीठ घालायचं आईकडून राहून जातं, जेवणारे कुणी ते बोलत नाहीत, आणि आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. एवढीच गोष्ट. घरी सासूबाई खोबरं किसत असताना पहिलं पान वाचून घेतलं होतं, त्यांना सगळं सांगता आलं.

हॉलमध्ये पुस्तक वर काढल्याबरोबर एक मास्तर म्हणाले, "आमका परत शाळेत बसवतंस काय गो?" त्यांना ते लागलं होतं. मी शाळकरी पुस्तक आणलं म्हणजे त्यांना पोर समजते, असं त्यांना वाटलं. मी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हटलं, आज मीठ विसरलेल्या बाईची गोष्ट आहे, ऐका आणि सांगा तिने काय करायला हवं होतं. मग वाचलं. मध्ये दोन ठिकाणी थांबले.

वाचून झाल्यावर बायका थांबेचनात. एकीच्या नवऱ्याने पहिल्याच वर्षी सगळ्यांसमोर कालवणाचं ताट बाजूला सारलं होतं. त्याला आता साठ वर्षं होऊन गेली, तरी त्या दिवशी कुठला मासा होता तेही तिला आठवत होतं. मोरी होती. चाचा म्हणाले, बोटीवर भंडारी एकदा मीठ विसरला तर सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं, कारण पुढचे तीन महिने जेवण त्याच्याच हातचं होतं. मास्तर शेवटपर्यंत बसले. जाताना त्यांनी कुठली आवृत्ती आहे ते विचारलं.

दुसऱ्या बुधवारी माझी चूक झाली. धीर आला म्हणून एका जुन्या दिवाळी अंकातली कथा घेतली, तेही न तपासता. दोन भाऊ, नावं सदा आणि सखा. दुसऱ्याच पानावर काळ मागे गेला. सात मिनिटांनी बघितलं तर तिघी एकमेकींना काहीतरी विचारत होत्या. मी वाचणं थांबवलं आणि उरलेली गोष्ट तोंडाने सांगून टाकली. सांगितलेली सगळ्यांना कळली.

जुनं कपाट

मध्येच थांबलात ते योग्य केलंत. सुरू केलं म्हणून संपवलंच पाहिजे असं नाही. ऐकणारे एकमेकांना विचारायला लागले की धागा तुटला असं समजावं. डोळे मिटणं ही मात्र तशी खूण नव्हे. कित्येक जण डोळे मिटूनच नीट ऐकतात. हात बघा. लक्ष असलं की हात स्थिर असतात, नसलं की पदराशी, काठीशी, पिशवीशी चाळा सुरू होतो.

मास्तरांचं म्हणणंही मनावर घ्या. पुस्तक मुलांचं म्हणून ओळखलं जात असेल तर नाव आधी न सांगता प्रसंग सांगावा, हे तुम्हाला आपोआप सुचलं.

मिठागर

एक सांगायचं आहे. 'श्यामची आई' घेतली आहे तर शेवटच्या रात्री वाचू नका. त्यात आईचं आजारपण आणि मरण आहे. माझे वडील अशाच एका वाचनगटात जायचे. आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. तिथे कुणीतरी न विचारता मरणाचा प्रसंग वाचला. वडील घरी आले ते दोन दिवस जेवले नाहीत आणि पुन्हा तिकडे गेले नाहीत. वाचणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच. माझं मत पक्कं आहे, मरणाचं काही वाचू नये.

दर्यावर्दी

म्हणून तर मी विनोदी म्हणत होतो.

जुनं कपाट

दर्यावर्दी, विनोदाला माझा विरोध नाही, पण पुष्कळ विनोदी लेखनात म्हातारा माणूसच चेष्टेचा विषय असतो. बहिरेपणावर, विसरण्यावर, दातांच्या कवळीवर. मी एकदा असं वाचलं आणि मागची रांग अजिबात हसली नाही. तेव्हापासून विनोदी लेख दोनदा वाचून बघतो, हसणं कुणाच्या जिवावर चाललंय ते शोधतो.

मिठागर, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मरण सरसकट टाळावं हे मला पटत नाही. ज्यांच्या वयाची निम्मी माणसं गेली, त्यांच्यापुढे जगात कुणी मरतच नाही अशा गोष्टी वाचल्या की त्यांना ते कळतं. आधी सांगावं की आज गोष्टीत एक माणूस जातो, ज्याला नको त्याने चहाकडे जावं. आणि गेल्या वर्षभरात कुणाच्या घरी काय झालं ते आपल्याला ठाऊक हवं. गाव लहान असेल तर ते ठाऊक असतंच.

मिठागर

आधी सांगितलं तरी सगळ्यांसमोर उठून जायला माणूस लाजतो. माझे वडील उठले नसते. माझं मत तेच आहे.

सुरंगी

मलाही यात ठरवता येत नाही. 91 च्या आजी मला म्हणाल्या, "माका तां आवशीचा शेवटचा वाच." त्यांना ती गोष्ट ठाऊक आहे, तीच हवी आहे. पण त्याच रांगेत एक काकी बसतात, त्यांचा मुलगा मिरगाच्या तोंडावर गेला. सध्या ठरवलं आहे की आजींना ते त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवायचं.

घाटावरची सून

माझाही प्रश्न यातच विचारते. मी साताऱ्याची, लग्न होऊन वेंगुर्ल्याजवळ आले. मीही वाचून दाखवते. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मधली माणसं इथल्यांना फार जवळची वाटतात, दळवी आरवलीचेच. पण पात्रं मालवणीत बोलायला लागली की माझी जीभ अडखळते आणि बायका गालात हसतात. मालवणी असलेलं निवडूच नये का?

वामनकाका

जे आपलं नाही ते वाचू नये. हसं होतं.

कर्णफूल

मला उलट वाटतं. मातृभाषेतला शब्द अर्धाच ऐकू आला तरी माणूस तो पुरा करतो, कारण तो त्याच्या कानात आधीपासून बसलेला असतो. ऐकण्याच्या दृष्टीने मालवणी संवाद त्यांना पुस्तकी मराठीपेक्षा सोपे पडतील. मात्र ते तुम्ही वाचायला हवेत असं कुठे आहे? मधलं तुम्ही वाचा, संवादांची वाक्यं एखाद्या आजींना आधी सांगून ठेवा.

घाटावरची सून

आमच्या एका काकी हे आनंदाने करतील. वाचता येत नाही त्यांना, पण एकदा ऐकलेलं त्या विसरत नाहीत.

सुरंगी

या बुधवारचं लिहिते. एका मासिकातली छोटी गोष्ट घेतली, साडेपाच पानांची, तीन माणसांची, सरळ काळाची. नावं गोविंदा, भिकी आणि तात्या. तांदळाची, म्हणजे खोबऱ्याची परीक्षा उत्तीर्ण. तिसऱ्या पानावर आषाढातल्या एका रात्री गोविंदा एकटा होडी घेऊन खोल दर्यात जातो. मी एवढं वाचलं आणि मागून आवाज आला, "आषाढात होडी कोण घालता? खुळावलो काय तो?"

आमच्यातले तात्या, पत्र्याखाली ज्यांना शब्द लागत नव्हते तेच. मी पुस्तक मांडीवर ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवत, आणि नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नसे. आता सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते, त्यांच्या वेळी दर्याच बंदी घालत असे. दुसरे एक काका म्हणाले, खाडीत तर पावसातही पाग टाकायचे. त्यावर वाद सुरू झाला, आणि कुठल्या वाडीतले कोण कुठे टाकायचे त्याची नावं निघाली. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. राहिलेली अडीच पानं वाचायचीच राहिली, आणि कुणी मागितलीही नाहीत.

म्हणून आता निवडताना मी आणखी एक बघते: ज्या कामात यांचे हात मुरले आहेत असं काहीतरी गोष्टीत आहे का. लेखकाचं त्यात चुकलं असलं तरी चालेल.

कपाटकाका, एक विचारायचं आहे. ती अर्धी राहिलेली गोष्ट पुढच्या बुधवारी पूर्ण करू की नवीन घेऊ?

जुनं कपाट

नवीन घ्या. गोविंदाचं काय झालं ते कुणी विचारलं तर तात्यांनाच विचारायला सांगा, तो परत आला असेल का म्हणून. आणि त्या होड्यांच्या, पागांच्या जागा कुणाकडून तरी वहीत उतरवून घ्या. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की कुणाचंच वाचन ऐकू येणार नाही, तेव्हा चार-पाच जणांना घेऊन कुणाच्या तरी कौलारू ओटीवर तीच वही वाचता येईल.

सुरंगी

वही कालच आणली. मास्तर लिहून घेणार आहेत.